म्लेच्छ, यवन, शक: प्राचीन भारतात परका माणूस कसा ओळखला जाई? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

नाशिकच्या पांडवलेण्यांत शिलालेख वाचून दाखवताना लोक मला पुन्हा पुन्हा तेच प्रश्न विचारतात. ‘यवन म्हणजे गोरे ग्रीक ना?’, ‘मग त्यांना आपल्या लोकांनी वेगळं कसं धरलं नाही?’ या प्रश्नांमागे एक गृहीतक असतं: परका म्हणजे वेगळ्या रंगाचा. प्राचीन भारताची साधनं उघडली की हे गृहीतक टिकत नाही. त्या काळचा परका आधी कानांना कळे, मग त्याच्या केसांवरून आणि कपड्यांवरून, आणि शेवटी त्याच्या ताटावरून.

‘म्लेच्छ’ या शब्दाचा मूळ अर्थ काय?

बोलण्यात अस्पष्ट असणारा. पाणिनीय परंपरेच्या धातुपाठात ‘म्लेच्छ्’ हा धातू ‘अव्यक्त शब्द’ या अर्थाने दिला आहे. म्हणजे शब्द तोंडातून येतो, पण स्पष्ट येत नाही. धर्म, देश, वंश हे सगळे अर्थ त्याला नंतर चिकटले.

शतपथ ब्राह्मणात याची एक गोष्ट आहे. देवांनी असुरांकडून वाणी काढून घेतली. मग असुर लढताना ‘हेऽलवो हेऽलवः’ असं ओरडू लागले आणि हरले. ग्रंथकार पुढे सांगतो की हेच म्लेच्छ बोलणं, म्हणून ब्राह्मणाने असं बोलू नये. व्याकरणकार पतंजलीने इ.स.पू. दुसऱ्या शतकात महाभाष्याच्या सुरुवातीलाच ही गोष्ट घेतली, थोड्या वेगळ्या रूपात. त्याच्याकडे असुर ‘हेलयो हेलयः’ म्हणतात. म्हणायचं होतं ‘हे अरयः’, म्हणजे ‘अरे शत्रूंनो’. चुकीचा शब्द हाच म्लेच्छ, असं पतंजली स्पष्ट लिहितो. त्याच्या या वाक्यात म्लेच्छ हा माणूससुद्धा नाही, तो एक बिघडलेला शब्द आहे.

नुसत्या ‘र’चा ‘ल’ झाला म्हणून कोणी परका ठरे?

परका ठरे असं नाही, पण ऐकणाऱ्याचा कान लगेच टवकारे. आपल्याकडे एखाद्याचा ‘ण’ ऐकून तो कुठल्या भागातला हे ओळखतात, तसंच. ‘र’च्या जागी ‘ल’ ही पूर्वेकडच्या, मगधाच्या बोलीची खूण होती. अशोकाच्या ओडिशातल्या धौलीच्या लेखात ‘राजा’ शब्द ‘लाजा’ असा येतो, तर गिरनारच्या लेखात ‘र’ शाबूत आहे. म्हणजे वैदिक पंडिताच्या कानाला ज्या उच्चारात असुर ऐकू येत, तो उच्चार भारताच्या सर्वांत मोठ्या साम्राज्याच्या राजधानीत रोज ऐकू येत होता. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. भाषेची सीमा साम्राज्याच्या सीमेवर नव्हती. ती आर्यावर्ताच्या आतूनही जात होती.

दुसरं उदाहरण वायव्येकडच्या कंबोजांचं. निरुक्तकार यास्क आणि पतंजली दोघेही सांगतात की ‘जाणे’ या अर्थाने ‘शवति’ हे क्रियापद फक्त कंबोज वापरतात. आर्यांकडे त्याचं एकच रूप उरलं आहे, ‘शव’. ही नोंद अचूक आहे, कारण इराणी भाषांत हा धातू ‘जाणे’ या अर्थानेच चालतो. व्याकरणकार शेजाऱ्याचं बोलणं इतकं लक्षपूर्वक ऐकत होते. कंबोज दिसतात कसे, हे मात्र ते या ठिकाणी सांगत नाहीत.

पण ऋग्वेदात काळ्या कातडीचे दस्यू आहेत ना?

हा प्रश्न टाळता येत नाही. ऋग्वेदात ‘काळी त्वचा’ असा उल्लेख मोजक्या ठिकाणी येतो. एकोणिसाव्या शतकातल्या युरोपीय अभ्यासकांनी त्यावरून गोरे आर्य आणि काळे मूळ रहिवासी असं पूर्ण चित्र उभं केलं. याच ग्रंथात काळा अंधार आणि उजळ प्रकाश यांचं द्वंद्व सतत चालू असतं, त्यामुळे प्रत्येक ‘काळा’ हा कातडीचा रंग धरावा का, यावर मोठा वाद आहे.

याहून बोलकं उदाहरण पाचव्या मंडलातल्या ‘अनास’ या शब्दाचं. काहींनी तो ‘अ-नास’ असा फोडला आणि अर्थ लावला ‘नाक नसलेले’, म्हणजे चपट्या नाकाचे. सायणाचार्यांनी चौदाव्या शतकात तो ‘अन्-आस’ असा फोडला: तोंड नसलेले, म्हणजे ज्यांना धड बोलता येत नाही ते. त्याच ऋचेत पुढे त्याच दस्यूंना ‘मृध्रवाच्’ म्हटलं आहे, म्हणजे ज्यांची वाणी बिघडलेली किंवा वैरभरली आहे असे. एकाच ओळीत वाणीचा उल्लेख असताना सायणांची फोड मला जास्त पटते. दस्यूंना दिलेली इतर विशेषणंही पाहा: यज्ञ न करणारे, वेगळी व्रतं पाळणारे, देवांना न मानणारे. ही सगळी कर्माची विशेषणं आहेत.

म्हणजे त्या लोकांना रंग दिसतच नव्हता का?

दिसत होता, आणि ते लिहूनही ठेवत. पतंजली एके ठिकाणी ब्राह्मणाच्या खुणा सांगताना गोरा रंग, शुद्ध आचार आणि पिंगट केस यांचा उल्लेख करतो. बाजारात बसलेला उडदाच्या राशीसारखा काळा माणूस पाहून कोणी त्याला ब्राह्मण समजणार नाही, असंही म्हणतो. रंगाबद्दलचे ग्रह तेव्हाही होते, ते झाकण्यात अर्थ नाही.

पण हा रंग आतल्या आणि बाहेरच्या माणसाची रेघ ओढत होता का, हे तपासायचं असेल तर नाट्यशास्त्र उघडावं. नटाला कोणत्या पात्रासाठी कोणता रंग लावावा याची त्यात यादी आहे. शक, यवन, पह्लव आणि बाह्लीक हे वायव्येकडून आलेले लोक बहुतेक गोरे रंगवावेत. ब्राह्मण आणि क्षत्रियही गोरे. किरात, बर्बर, आंध्र, द्रविड, पुलिंद आणि दाक्षिणात्य काळे रंगवावेत, आणि त्याच ओळीत काशी आणि कोसलचे लोकही काळेच. पांचाल, शूरसेन, मगध, अंग, वंग, कलिंग हे सावळे.

ही यादी सावकाश वाचा. ज्यांना धर्मशास्त्र म्लेच्छ म्हणतं ते शक-यवन आणि ज्यांना सर्वोच्च मानतं ते ब्राह्मण रंगमंचावर एकाच रंगात येतात. काशी तर पवित्र भूमीच्या मध्यभागी, आणि तिथली माणसं किरातांच्या रंगाची. प्रेक्षकाने फक्त रंग पाहून परका कोण हे ओळखायचं ठरवलं असतं, तर नाटक त्याला कळलंच नसतं. त्यासाठी नाट्यशास्त्र वेष आणि बोली वेगळ्या सांगतं.

केस आणि कपडे यांवरून कसं ओळखत?

विष्णुपुराणात सगर राजाची कथा आहे. त्याने शक, यवन, कंबोज, पारद, पह्लव यांचा संहार आरंभला. ते वसिष्ठांना शरण गेले आणि वसिष्ठांनी सगराला थांबवलं. मग सगराने त्यांना जिवंत सोडलं, पण खुणा करून: यवनांचं पूर्ण डोकं भादरलं, शकांचं अर्धं, पारदांना केस मोकळे लांब ठेवायला लावले, पह्लवांना दाढी. शिवाय वेदपठण आणि यज्ञातला वषट्कार त्यांच्याकडून काढून घेतला.

ही घडलेली घटना नाही. कथा मागून रचलेली आहे, पण रचणाऱ्याला काय समजावून सांगायचं होतं ते पाहा. हे लोक आपल्यासारखेच क्षत्रिय, मग वेगळे का दिसतात? त्याचं उत्तर तो कातडीत शोधत नाही. न्हाव्याचा वस्तरा आणि बंद झालेला मंत्र, यांत त्याला उत्तर सापडतं.

कपड्यांचं उदाहरण मथुरेजवळच्या माट गावी सापडलं. तिथला कनिष्काचा पुतळा शिर तुटलेला आहे, तरी हा राजा उत्तरेकडून आलेला हे क्षणात कळतं, कारण अंगात गुडघ्यांच्या खाली येणारा जाड अंगरखा आणि पायात भलेमोठे बूट आहेत. चेहरा नसतानाही परकेपणा पूर्ण शिल्लक आहे. पुढे सहाव्या शतकात वराहमिहिराने बृहत्संहितेत सूर्यमूर्तीचं वर्णन करताना तिला ‘उदीच्यवेष’ द्यावा असं सांगितलं, म्हणजे उत्तरेकडच्यांचा पोशाख. म्हणून उत्तर भारतातल्या जुन्या सूर्यमूर्तींच्या पायात बूट असतात. दक्षिणेकडच्या सूर्यमूर्ती अनवाणी आहेत. एके काळी परक्याची खूण असलेला बूट देवाच्या पायात गेला आणि लोकांनी त्याला हात जोडले.

‘आचार’ म्हणजे नेमकं काय पाहत?

ताट, यज्ञ आणि समाजाची रचना.

ताटाचं उदाहरण पतंजलीकडेच आहे. कोणते शूद्र ‘बाहेर टाकलेले’ नाहीत यावर तो चर्चा करतो. आर्यावर्ताबाहेर राहणारे ते बाहेरचे, असं म्हणावं तर ‘शक-यवन’ या जोडशब्दाचं व्याकरण जुळत नाही, कारण तो शब्द आतल्यांसाठीच्या नियमाने बनला आहे. मग तो वेगवेगळ्या कसोट्या लावून बघतो आणि शेवटी थांबतो ती भांड्याशी. ज्यांनी जेवल्यावर भांडं घासून-पुसून पुन्हा वापरता येतं, ते बाहेर टाकलेले नाहीत. ज्यांनी जेवल्यावर भांडं संस्कारानेही शुद्ध होत नाही, ते बाहेरचे. या कसोटीवर शक आणि यवन आत येतात! चांडाळ बाहेर राहतात, आणि ते तर त्याच गावच्या वेशीवर राहणारे, तीच भाषा बोलणारे.

यज्ञाची कसोटी मनुस्मृतीत दिसते. कंबोज, यवन, शक, पारद, पह्लव, चीन, किरात, दरद हे मुळात क्षत्रियच, पण क्रिया सोडल्याने आणि ब्राह्मणांचा संपर्क न राहिल्याने हळूहळू खाली गेले, असं मनू सांगतो. म्लेच्छांचा देश कुठे सुरू होतो याचं त्याचं उत्तरही लक्षात ठेवण्यासारखं आहे: काळवीट जिथवर स्वाभाविकपणे फिरतं तो यज्ञाला योग्य देश, त्याच्या पलीकडचा म्लेच्छदेश.

समाजरचनेची नोंद पाली साहित्यात आहे. अस्सलायन सुत्तात बुद्ध म्हणतात की योन म्हणजे यवन आणि कंबोज यांच्यात दोनच वर्ण, आर्य आणि दास, आणि आर्याचा दास होतो व दासाचा आर्य. अशोकही तेराव्या शिलालेखात लिहितो की योनांचा देश सोडला तर ब्राह्मण आणि श्रमण नाहीत असा देश नाही. परक्या देशाचं सगळ्यात मोठं वेगळेपण त्याला हे वाटलं.

एखादं प्रत्यक्ष उदाहरण द्या, जिथे परका माणूस ‘आत’ आला.

नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरावर, म्हणजे पांडवलेण्यांत, एकाच कड्यावर अशी तीन लेणी आहेत. ती एकापाठोपाठ वाचली की चित्र उभं राहतं.

क्रमांक १७च्या लेण्यात दाता आपली ओळख देतो: ‘ओतराह’, म्हणजे उत्तरेकडचा, दात्तामित्री गावचा, ‘योणक’, धम्मदेवाचा मुलगा इंद्राग्निदत्त. आईवडिलांच्या नावाने त्याने लेणं, चैत्यगृह आणि पाण्याची टाकी खोदवली, आणि मुलाचं नाव दिलं आहे धम्मरखित. म्हणजे तीन पिढ्या आपल्यासमोर आहेत आणि एकाही नावात ग्रीक अक्षर नाही. बापाच्या नावात धम्म, स्वतःच्या नावात इंद्र आणि अग्नी, मुलाच्या नावात पुन्हा धम्म. भाषा प्राकृत, लिपी ब्राह्मी. तरीही तो ‘योणक’ हा शब्द स्वतःहून लिहितो. परकेपणा लपवण्याची त्याला गरज वाटली नाही. कार्ल्याच्या चैत्यातल्या खांबांवर धेनुकाकटच्या यवनांची दानं कोरलेली आहेत, तिथेही सिहधय म्हणजे सिंहध्वज, आणि धम्म अशी नावं. जुन्नरला मात्र दोन टाकी देणाऱ्या यवनाचं नाव ‘इरिल’ आहे; त्याने अजून जुनं नाव सोडलेलं दिसत नाही.

क्रमांक १०चं लेणं उषवदाताचं. क्षहरात राजा नहपानाचा हा जावई, आणि वडिलांचं नाव दिनीक. हा शक. त्याच्या लेखात तीन लाख गाई दिल्या, देव-ब्राह्मणांना सोळा गावं दिली, प्रभास तीर्थावर ब्राह्मणांची लग्नं लावून दिली, वर्षाला लाख ब्राह्मणांना जेवण घातलं, अशी दानांची रांग आहे. शूर्पारक म्हणजे आपल्या सोपाऱ्याला धर्मशाळा आणि विहिरी बांधल्या. दमण, डहाणूकडच्या नद्यांवर फुकट नावा ठेवल्या. आणि हे सगळं सांगून मग बौद्ध भिक्षूंना लेणं दिलं. ज्या क्रिया सोडल्याने मनूचे शक खाली गेले, त्याच क्रिया हा शक हिशेब ठेवून करतो आहे. त्याला कळत होतं की दार कोणत्या बाजूने उघडतं.

आणि क्रमांक ३चं लेणं. तिथे गौतमी बलश्री ही आजी आपला नातू वासिष्ठीपुत्र पुळुमावी याच्या राज्याच्या १९व्या वर्षी दिवंगत मुलाची, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीची, स्तुती कोरवते. शक, यवन आणि पह्लवांचा नाश करणारा. क्षहरात वंश निःशेष करणारा. चार वर्णांचा संकर थांबवणारा. याच कड्यावर उषवदाताची लाखांची दानं कोरलेली असताना हे शब्द कोरले गेले.

इतकं झाल्यावर कान्हेरीचा एक लेख वाचायचा. त्यात वासिष्ठीपुत्र सातकर्णी या सातवाहन राजाच्या राणीचा उल्लेख आहे, आणि ती शकांच्या कार्दमक वंशातली, एका महाक्षत्रपाची मुलगी. तिचे वडील बहुधा रुद्रदामन. जुनागढच्या लेखात रुद्रदामन स्वतः म्हणतो की दक्षिणापथाच्या सातकर्णीला दोनदा हरवलं, पण नातं जवळचं म्हणून संपवलं नाही. तोच जुनागढचा लेख शुद्ध, अलंकारिक संस्कृतात आहे, इ.स. १५०च्या सुमाराचा. या काळात सातवाहन प्राकृतात लिहीत होते, आणि लांबलचक संस्कृत प्रशस्ती कोरवली ती शकाने. म्लेच्छ म्हणजे अशुद्ध बोलणारा, ही व्याख्या त्या खडकावर उलटी होऊन पडली आहे.

म्हणजे तो समाज उदार होता?

नाही. असं वाचणं चूक ठरेल. बौधायन धर्मसूत्रात आरट्ट, पुंड्र, सौवीर, वंग, कलिंग अशा देशांत जाऊन आलेल्याला शुद्धीसाठी यज्ञ सांगितला आहे. खाली गेलेल्या क्षत्रियांबद्दलच्या मनूच्या श्लोकानंतरच्याच श्लोकात म्हटलं आहे की चार वर्णांच्या बाहेरचे लोक म्लेच्छ भाषा बोलोत की आर्य भाषा, सगळे दस्यूच. म्हणजे शुद्ध बोलायला शिकून प्रत्येक वेळी दार उघडत नव्हतं. राजाला, व्यापाऱ्याला, दान देऊ शकणाऱ्याला उघडे.

आणि ज्यांना कधीच उघडलं नाही ते परके नव्हतेच. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला आलेला चिनी भिक्षू फाहियान लिहितो की चांडाळ शहरात शिरताना लाकूड वाजवत येतात, म्हणजे लोक बाजूला होतील. त्यांची भाषा वेगळी नव्हती, कातडी वेगळी नव्हती, देशही वेगळा नव्हता. त्यांच्यासाठी जन्म पुरेसा होता. शक राजाची मुलगी सून म्हणून आणता आली आणि गावच्या माणसाला पाणी देता आलं नाही, ही गोष्ट सांगताना मला दरवेळी जड जातं, पण ती सांगितल्याशिवाय उत्तर पूर्ण होत नाही.

हे फक्त भारतातच होतं का?

नाही. ग्रीक ‘बार्बारोस’ हा शब्दही परक्याच्या ‘बर्-बर्’ अशा न कळणाऱ्या बोलण्यावरून आला. संस्कृतातला ‘बर्बर’ त्याच कुळातला वाटतो. गंमत अशी की ग्रीकांच्या लेखी म्लेच्छ आपण होतो आणि आपल्या लेखी ते.

‘यवन’ म्हणजे मुसलमान असंच आम्ही वाचलं आहे. ते चूक?

शब्दाचा अर्थ काळाबरोबर सरकला. ‘यवन’ मूळ आयोनियन ग्रीकांसाठी, जुन्या फारसीतल्या ‘यौना’ शब्दावरून आला. पश्चिमेकडून आलेला, वेगळ्या आचाराचा, एवढाच भाग पुढे टिकला आणि मध्ययुगात तो तुर्क, अफगाण, मुसलमान यांना लावला गेला. मराठी बखरींत तो त्याच अर्थाने येतो. म्हणून कार्ल्याच्या खांबावर ‘यवन’ वाचून शाळकरी मुलं गोंधळतात. त्या खांबांच्या काळात इस्लामला अजून पाचशे वर्षं अवकाश होता.

हे लेख प्रत्यक्ष कुठे पाहता येतील?

पांडवलेण्यांत तिन्ही लेणी एकाच पायवाटेवर आहेत. आधी १७ला जा, मग १०ला या आणि शेवटी ३ला; काळाचा क्रम थोडा उलटसुलट होतो, पण कथा नीट लागते. सकाळी तिरपं ऊन असताना अक्षरं उठून दिसतात, दुपारी ती दगडात बुडतात. ब्राह्मी येत नसेल तरी १७मध्ये ‘योणकस’ हा शब्द शोधा. ‘य’ त्रिशूळासारखा दिसतो आणि ‘क’ अधिकच्या चिन्हासारखा. मी नेलेल्या मुलांपैकी बहुतेकांना तो पाच मिनिटांत सापडतो.